रोज सकाळी दह्याचा फोटो

माझ्या नणंदेनं मला मोबाइलवर पाठवलेला पहिला फोटो दह्याचा होता. स्टीलचं पातेलं, त्यात पांढरंशुभ्र दही, आणि खाली एक ओळ : ‘लागलंय का बग’. सकाळचे सहा वाजले असतील. मी नांदेडला आमच्या स्वयंपाकघरात शाळेच्या डब्याची भाजी परतत होते. फोटो बघितला आणि पहिला विचार आला, हिला नेमकं काय दाखवायचंय?

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं तराजूला हात लावला की मी त्याच्या हाताकडं बघते, तराजूकडं नाही. शाळेत पोरं फार शांत बसली की मला फळ्याकडं तोंड करवत नाही. त्यातून ही तर नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आक्का सरळ भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या भांडत नसत. आमच्याकडं जेवायला बसल्या की दहीभाताच्या वेळी ताटावर हात आडवा धरायच्या, “मला दही चालत न्हाई, सर्दी होती.” मे महिन्यातही सर्दी. मी लावलेलं दही त्यांना पसंत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी लग्नानंतर लगेच काढला होता आणि तो बदलायचं मला काही कारण मिळालं नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा त्यांच्याच घरी लातूरला राहत होती. दहावीला तिला चांगले गुण पडले आणि घरात दुसरा विषयच निघाला नाही. डॉक्टर व्हायचं तर लातूर. त्या काळात नांदेडच्या, परभणीच्या, पार उमरी-देगलूरकडच्या गाड्यांत जून महिन्यात गाद्या, बादल्या आणि पुस्तकांची खोकी घेतलेले आईबाप दिसायचे, ते सगळे लातूरला उतरायचे. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर अभ्यासिका, अभ्यासिकेच्या मागं मेस. मी दोन होस्टेलं बघून आले होते. एका ठिकाणी खोलीत खिडकी नव्हती, दुसऱ्या ठिकाणी वरणात डाळ नव्हती. तेवढ्यात आक्कांचा फोन आला, “आत्याचं घर असताना पोरगी मेसचं खाणार व्हय? माझ्याकडं ऱ्हाईल.”

आता नाही कसं म्हणायचं? आक्कांना आधी एक मुलगी होती. लग्नानंतर त्या औशाकडच्या गावात राहायच्या. भूकंपात घर पडलं आणि ती मुलगी गेली. सहा वर्षांची होती. मी तिला बघितलेलं नाही, माझं लग्न नंतरचं. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. गावाच्या पुनर्वसनात मिळालेल्या घरात आक्का फार दिवस राहिल्या नाहीत. लातूरला आल्या, भाऊजींनी गंजगोलाईजवळ किराणा दुकान टाकलं, मुलगा झाला, शिकला, पुण्याला नोकरीला गेला. अशा बाईनं आपली भाची मागितली तर कुठल्या तोंडानं नको म्हणायचं? मी हो म्हटलं, आणि त्याच दिवसापासून मनात एक डोळा लातूरकडं लावून बसले.

फोटो रोज येऊ लागले. रोज सहाच्या सुमाराला दही, खाली तोच प्रश्न. माझी खात्री पटली की हा सगळा देखावा आहे. बघ, तुझ्या लेकीला मी रोज घरचं ताजं दही घालते, तू काय घालत होतीस? नवरा म्हणाला, “अगं ती सहज विचारतीय.” पस्तीस वर्षं संसार केलेली बाई दही लागलंय का ते सहज विचारत नसते. हे मी त्याला तसंच ऐकवलं.

पण देखावा असो की काही असो, फोटो मी नीट बघायचे. बोटांनी मोठा करून कडेपासून मध्यापर्यंत. फोटोतून दही ओळखायला हळूहळू मी शिकलेच म्हणा ना. नीट लागलेल्या दह्याचा वरचा पापुद्रा सलग असतो, त्यावर उजेड एकसारखा पडतो. पातेलं हलवलं आणि दही अजून कच्चं असलं तर मध्ये सुरकुत्या पडून दुधाळ ओल दिसते. दह्यानं कडा सोडली, चारी बाजूंनी आत ओढल्यासारखं झालं आणि भोवती पाणी साचलं, तर ते जास्त वेळ बाहेर राहिलंय, आंबट झालं असणार. पाणी सुटलं म्हणून घाबरायचं नसतं. ते पाणी स्वच्छ, किंचित पोपटीकडं झुकणारं असतं, ती त्याची जातच. भोकं भोकं पडली, बुडबुडे दिसले, की मात्र विरजणात नाहीतर भांड्यात काहीतरी गडबड. आणि लव आलेला ठिपका दिसला, गुलाबी, काळा, कसलाही, तर पुढं बघायचंच नाही. सगळं फेकून द्यायचं.

आक्कांच्या दह्यात यातलं काही नसायचं. मी जरा निराशच व्हायचे आणि अंगठा पाठवायचे. शब्द कशाला खर्च करायचे?

तिच्या बारावीच्या वर्षी डिसेंबरात मात्र मला सापडलं. थंडी पडली आणि एका सकाळच्या फोटोत दही मध्ये ढिलं दिसलं, मोडलेल्या ठिकाणी कड उभी न राहता पसरलेली. मी ताबडतोब लिहिलं, ‘पातळ वाटतंय’. दुसऱ्या दिवशी तेच. मी पुन्हा लिहिलं, ‘आजही पातळच’. खोटं कशाला बोलू, बोट चालवताना मला फार बरं वाटलं. त्यानंतर दोन दिवस फोटो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो एकदम घट्ट, सुरीनं कापावं असा. मी अंगठा पाठवला. माझ्या शब्दाची दखल घेतली म्हणून स्वतःवरही खूश झाले.

तिथून फोटोंची तऱ्हा बदलली, हे माझ्या लक्षात यायला थोडे दिवस गेले. आधीच्या फोटोंत पातेलं, ओटा, मागची बरणी असं सगळं दिसायचं. आता फक्त दही दिसायला लागलं. वरून, जवळून, कडेला अंधार. भांडं दिसतच नव्हतं. भांडं का लपवायचं? माझं डोकं त्या एका गोष्टीवर अडकलं. कालच्या भांड्यातच आजचं दूध ओतत असतील. घासायचा कंटाळा. नाहीतर विकतचं दही घरी आणून वर सपाट करत असतील. शाळेत मधल्या सुट्टीत मी फोन काढून त्या अंधाऱ्या कडा बघत बसायचे. बाजूच्या बाईंना वाटायचं, माझं घरी काही मोठं चाललंय.

आणि मग त्या कडेला मला रंग दिसला. हिरवट, निळसर, अगदी फिकी रेघ, जिथं दही भांड्याला लागतं तिथं. पुरावा हाती येईपर्यंत आक्कांना कळू द्यायचं नाही, म्हणून अंगठा मात्र मी पाठवतच राहिले.

त्याच सुमाराला मुलीचा फोनवरचा आवाज बदलला होता. “मम्मी, सकाळी मळमळतं गं.” सकाळच्या क्लासला जाऊन अर्ध्यात परत आली, एकदा सराव परीक्षेतून उठून बाहेर गेली. नवरा म्हणाला, टेन्शन. क्लासचे सर म्हणाले, टेन्शन. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली आणि तेही म्हणाले, या मोसमात लातुरात प्रत्येक दुसऱ्या पोराला असंच होतं. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मे महिन्यात, तिचे गुण दर आठवड्याला खाली. दोन वर्षांची मेहनत तिच्या पोटातून उलटून चालली होती आणि सगळे टेन्शन म्हणून मोकळे होत होते. मला टेन्शन वगैरे पटत नव्हतं. मला ती हिरवी रेघ दिसत होती.

मी मुलीला विचारलं, “दही कसं लागतं?”

ती म्हणाली, “वेगळं लागतं. पण चांगलं असतं.”

“वेगळं म्हणजे? आंबट?”

“आंबट नाही. वेगळं. मम्मी, आत्या समोर बसलेल्या असतात मी खाईपर्यंत.”

या शेवटच्या वाक्यानं माझा संशय चौपट झाला. समोर बसून खायला लावतात म्हणजे काय?

मी तिला सांगितलं, उद्या वाटीतल्या दह्याचा तू फोटो काढ, आत्या आत गेल्या की. तिनं पाठवला. ट्यूबलाइटखाली काढलेला, सगळाच निळसर, वाटी निळी, तिचा हातही निळा. याच्यावरून काय कळणार? मग मी तिला नीट शिकवलं. वाटी खिडकीत ने. शेजारी वहीचा कोरा कागद ठेव, म्हणजे पांढरं कुठलं ते कळेल. एक फोटो तसा काढ, मग चमच्यानं मोड आणि दुसरा काढ. तिला हे फार आवडलं नाही. “मम्मी, मी चोरी करते असं वाटतं.” मी म्हणाले, जीव वाचवायला करतेस.

फोटो आले. कागद पांढरा होता आणि दह्याचा निळा रंग गेला होता. पण कड हिरवटच राहिली होती. मोडलेल्या जागी आत दही सुंदर होतं. भिंत सरळ उभी, तळाशी स्वच्छ पाण्याचा थेंब, तार नाही, भोक नाही. मी मोठं करकरून लव शोधली. बुरशी असती तर ठिपक्यांत आली असती, वरून केसाळ दिसली असती. इथं ठिपका नव्हताच. पट्टा होता, फक्त भांड्याकडच्या बाजूनं, दह्यात मुरल्यासारखा. म्हणजे दूध चांगलं, विरजण चांगलं, दही नीट लागलेलं, आणि तरी हिरवं. इतक्या वर्षांत मी असलं दही बघितलं नव्हतं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आक्कांचा फोटो आला तो चक्क्याचा. पांढऱ्या पंच्यातून नुकताच सोडलेला, परातीत ठेवलेला मोठा गोळा. आणि ओळ : ‘पोरीसाठी शिरखंड करून राहिले. चक्का बरा हाय का?’ खिडकीतला उजेड त्यावर सरळ पडला होता. चक्क्याला पिस्त्याचा रंग होता. फडक्यावरही तसलेच डाग. नवऱ्यानं खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, “वा, पिस्ता घातलेला दिसतोय.” चक्क्यात कोण पिस्ता घालतं? साखर मिसळून, पुरणयंत्रातून काढून, श्रीखंड झाल्यावर वर घालायचा तो पिस्ता.

आणि तिथं मला माझ्या आईचा शब्द आठवला. आमच्या लहानपणी पितळी भांड्यांची आतली कल्हई उडाली की आई त्यात ताक राहू द्यायची नाही. “कळकतंय ते,” म्हणायची. कळकलेलं ताक म्हशीलाही घालायची नाही. पितळेला आंबट लागलं की त्यातलं तांबं अन्नात उतरतं, अन्न हिरवट होतं, जिभेला कडू-तुरट लागतं आणि पोट ढवळतं. मी हा शब्द कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता, कारण कुणाच्याच घरात आता पितळ नाही. आक्कांच्याही नव्हतं. त्यांच्या मांडणीवर सगळं स्टील होतं, मी तोंड बघावं असं ते लखलखीत असायचं.

मी मुलीला कळवलं, दही, चक्का कशालाच हात लावू नको. आक्कांना काही लिहिलं नाही. सावध का करायचं? नवऱ्याला सांगितलं, मी तिला आणायला जाते. एका होस्टेलला फोन करून पलंग राखून ठेवायला सांगितलं आणि साडेनऊची गाडी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या रस्त्यानं मी मनात आक्कांशी बोलत होते. काय काय बोलायचं ते ठरवत होते. लग्नापासूनचं बरंच साठलं होतं, ते या निमित्तानं ओळीनं लागलं. उन्हानं खिडकीची पट्टी तापली होती आणि मला खरं सांगायचं तर एक प्रकारची हुशारी आली होती.

दारात मला बघून आक्का गोंधळल्या. “वयनी? एकटीच? सांगितलं न्हाईस.” कपाळावर भस्म, हाताला साखर लागलेली. भाऊजी दुकानात होते. मुलगी आतल्या खोलीतून उठून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. ती बारीक झाली होती. ते बघितलं आणि रस्त्यात ठरवलेलं सगळं बोलणं बाजूला राहिलं. मी चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेले.

“दही कशात लावता, आक्का?”

त्यांनी ओट्याखालचं फडकं बाजूला केलं. उंच काठाचा, तोंडाला थोडा आवळलेला एक पितळी गंज होता. आमच्याकडं असल्या पातेल्याला गंज म्हणतात. एका बाजूनं तो चेपलेला होता. मोबाइल तोंडाशी नेऊन आत वाकवल्याशिवाय दही दिसलंच नसतं, म्हणूनच फोटोत भांडं येत नव्हतं. लपवायचं कुणाच्या मनातच नव्हतं. आतून तो सोन्यासारखा पिवळा चमकत होता. आत कल्हई असती तर चांदीसारखा पांढरा दिसला असता.

“हा आतून कशानं घासला?”

“चिंचंनं. लई काळा पडला हुता, माळ्यावर ऱ्हाऊन ऱ्हाऊन. कल्हईवाला सापडंना. म्हटलं, निदान स्वच्छ तर घासावं.”

उरलीसुरली कल्हई त्यांनी स्वतःच्या हातानं, दोन दिवस खपून काढली होती. डिसेंबरात फोटो आले नव्हते ते दोन दिवस.

मी चमच्यानं चक्क्याचा कण जिभेवर ठेवला. आईचं बरोबर होतं. आंबटपणा नव्हताच, नाणं चोखल्यासारखी कडू-तुरट चव जिभेच्या मागं जाऊन बसली.

“कळकलंय हे,” मी म्हणाले. “सगळं. रोजचं दहीही. पोरीला त्यानंच मळमळतंय.”

आक्का परातीकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. “कसं काय? मी तुला रोज फोटू धाडून राहिले की. तू अंगठा दाखवून राहिलीस.”

मी चमचा मोरीत टाकला.

“फोटोत चव दिसते का, आक्का?” मी म्हणाले. आवाज माझा चढलाच. “तुम्ही जिभेवर ठेवून बघायचं ना. एवढं कडू. एक बोट लावलं असतं तरी कळलं असतं. रोज करता आणि एकदाही चाखून बघत नाही?”

“मी दही खात न्हाई.”

“सर्दी होते म्हणून बोटही लावायचं नाही?”

त्या खाली बसल्या, ओट्याला पाठ लावून. पदरानं हात पुसले. मुलगी दारातून आत आली.

“सर्दी न्हाई,” आक्का म्हणाल्या. “सोडलंय मी. भूकंपापासून. त्या रात्री पोरगी दहीभात मागून राहिली हुती. मी म्हटलं, आता न्हाई, सकाळी देते. ह्याच गंजात इरजण लावून निजलो. सकाळी मिलिटरीच्या पोरांनी हा काढला. तिला दुपारी.”

मी त्यांच्या समोर खालीच बसले. आमच्याकडं माणसं असं काहीतरी सोडतात, काशीला जाऊन आल्यावर, कुणी गेल्यावर. कुणी एखादं फळ सोडतं, कुणी गोड. तोंडानं सांगत फिरत नाहीत. इतकी वर्षं माझ्या घरच्या ताटावर आडवा धरलेला तो हात मी दह्याच्या प्रतीवरचा शेरा समजत होते.

“तू लिवलंस, पातळ हाय,” त्या म्हणाल्या. “दोनदा लिवलंस. मला वाटलं, पोरगी अभ्यासाची, तिला दहीसुदीक नीट मिळंना. ह्याच्यात घट्ट लागायचं, ते मला ठावं हुतं. म्हणून काढला. चव तर मी बघू शकत न्हाई, म्हणून तुला फोटू. तुझा अंगठा आला की मग तिला वाटी द्यायची, तवर न्हाई.”

म्हणजे त्या खरंच विचारत होत्या. पहिल्या दिवसापासून, रोज सकाळी सहाला, एक बाई ‘लागलंय का’ असं विचारत होती, आणि मी त्यात देखावा शोधत होते.

“ने तिला,” आक्का म्हणाल्या. “हॉस्टेलला टाक. मला जमत न्हाई. पोरगी संभाळायचं मला जमत न्हाई.” त्या रडत नव्हत्या. हे त्या फार पूर्वीच ठरवून ठेवल्यासारखं म्हणाल्या, आणि ते मला ऐकवेना.

मुलगी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. माझ्याकडं बघत राहिली. होस्टेलचा पलंग संध्याकाळपर्यंतच राखून ठेवणार होते. पिशवी भरायला दहा मिनिटं पुरली असती. आल्यापासून मला नणंदेला पकडायचं होतं आणि मी पकडलं होतं. आता त्याचं काय करायचं, हे कळत नव्हतं.

“ती राहील,” मी म्हणाले. “पण फोटो बंद. फोटोवरून मला काही कळत नाही, आक्का, आजवर कळलेलं नाही. दही स्टीलच्या पातेल्यात लावा, पातळ तर पातळ. आणि तिला द्यायच्या आधी एक चमचा तुम्ही खा. तुम्ही खाणार असाल तर राहील, नाहीतर मी आत्ता नेते.”

हे बोलून गेल्यावर मला भीती वाटली. कुणी सोडलेलं खायला लावणं आमच्याकडं पाप समजतात, आणि मी तर सौदा केल्यासारखं बोलले होते. मुलगीही दचकली. “मम्मी, राहू दे ना. मी बघत जाईन चव.”

“तू गप,” आक्का तिला म्हणाल्या, पण हळू. त्या उठल्या. फळीवरून चमचा घेतला. मला वाटलं भांडी आवरायला उठल्या. त्या परातीपाशी गेल्या आणि चक्क्यात चमचा घातला.

“ते नको,” मी म्हणाले. “आक्का, ते खराब आहे. चांगलं लावू, उद्या ते खा.”

“खराब कसं लागतं ते कळाय नको व्हय?” त्या म्हणाल्या. “न्हाईतर उद्या काय वळखू?”

त्यांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटून उभ्या राहिल्या. गिळलं नाही, पण लगेच थुंकलंही नाही. जिभेवर तसंच धरून ठेवलं, आम्ही दोघी बघत असताना. मग मोरीशी जाऊन थुंकलं, चूळ भरली, पुन्हा एकदा भरली. मागं वळल्या तेव्हा तोंड वाकडं झालेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मुलीकडं बघत होत्या.

“इतकं कडू,” त्या म्हणाल्या. “आन तू रोज वाटी चाटून पुसून मला दाखवायचीस गं.”

मुलगी म्हणाली, “तुम्ही समोर बसायचा ना, आत्या.”